न्युरेंबर्ग आणि टोकियोचे खटले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर लिहायला लागल्यापासून मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत. सोपे आधी, किचकट नंतर. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचलं तरी समजेल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे नीट आला असेल तर तिकडचा नंबर दिलाय. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की या खटल्यांनी जे नियम केले ते करणाऱ्यांनी स्वतःला जपून केले होते, आणि तरीही ते नियम पुढे त्यांच्या हातातून निसटले. ६, ७ आणि ९ नंबर त्यासाठी जरा सावकाश वाचा.

१. न्युरेंबर्ग खटला म्हणजे नक्की काय? कोणी कोणावर चालवला?

जर्मनी हरल्यावर अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत रशिया आणि फ्रान्स या चौघांनी ८ ऑगस्ट १९४५ ला लंडनमध्ये करार केला आणि त्यातून एक आंतरराष्ट्रीय कोर्ट उभं राहिलं. प्रत्येक देशाचा एक जज आणि एक पर्यायी जज, म्हणजे एकूण आठ. खटला २० नोव्हेंबर १९४५ ला न्युरेंबर्ग शहरात सुरू झाला, निकाल १ ऑक्टोबर १९४६ ला लागला. आरोपपत्रात २४ नावं होती, पण रॉबर्ट लाय याने खटल्याआधीच कोठडीत आत्महत्या केली आणि गुस्ताव क्रुप आजारपणामुळे उभाच राहू शकत नव्हता, त्यामुळे निकाल २२ जणांचा लागला (त्यात मार्टिन बोरमान गैरहजर). १२ जणांना फाशीची शिक्षा, तिघांना जन्मठेप, चौघांना ठराविक वर्षांची कैद, तिघं निर्दोष सुटले. हिटलर, हिमलर, गोबेल्स यांनी आधीच आत्महत्या केली होती त्यामुळे ते यात नाहीत, आणि फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी हवाईदलप्रमुख गोअरिंगने फाशीच्या काही तास आधी विष घेतलं.

पुष्कळ लोक एक गोष्ट मिसळतात. याच शहरात नंतर अमेरिकेने एकटीने आणखी १२ खटले चालवले, डॉक्टरांवर, जजांवर, कारखानदारांवर. तेही न्युरेंबर्गचेच, पण त्यात चार देशांचं कोर्ट नव्हतं, जज अमेरिकन होते.

२. हरलेल्यांना शिक्षा तर पूर्वीपासून होत आली आहे, मग यात नवीन काय?

शिक्षा नवीन नाही, बरोबर आहे. ब्रिटिश सरकारचं तर बराच काळ मत होतं की बड्या नाझींना पकडा आणि खटला न चालवता सरळ गोळ्या घाला. नवीन गोष्ट अशी की शिक्षा देण्याआधी एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याने स्वतः काय केलं हे कागदपत्रांनी सिद्ध करायचं, आणि त्याला वकील, साक्षीदार, उलटतपासणी सगळं द्यायचं असं ठरलं.

तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कायदा देशांपुरता होता. देशाने करार मोडला तर देशाने भरपाई द्यायची, राजा किंवा मंत्री त्याच्यामागे सुरक्षित. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सम्राट विल्हेल्मवर खटला चालवायचं व्हर्सायच्या तहात लिहिलं होतं, पण तो नेदरलँड्समध्ये पळाला आणि त्यांनी त्याला दिलाच नाही. बाकी आरोपींचे खटले जर्मनीनेच १९२१ मध्ये लाइपझिगला चालवले, आणि त्यात मोजक्याच लोकांना किरकोळ शिक्षा झाल्या. त्यातली एक केस बघा. १९१८ मध्ये एका जर्मन पाणबुडीने 'लँडोव्हेरी कॅसल' हे हॉस्पिटल जहाज बुडवलं आणि नंतर वाचलेल्यांच्या होड्यांवर गोळीबार केला. पाणबुडीचा कप्तान फरार, त्याच्या हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांना चार चार वर्षं, आणि तेही पुढे तुरुंगातून निसटले. १९४५ मध्ये लंडनला बसलेल्या लोकांना हे सगळं पाठ होतं, म्हणून आपल्या माणसांचा न्याय आपणच करायचं हे यावेळी जर्मनीवर सोडलं नाही.

लंडन करारासोबत कोर्टाची जी नियमावली आली ती लंडन सनद. तिचं ७ वं कलम सांगतं की आरोपी राष्ट्रप्रमुख होता किंवा सरकारी अधिकारी होता म्हणून तो सुटणार नाही, शिक्षाही कमी होणार नाही. आणि निकालात कोर्टाने म्हटलं की आंतरराष्ट्रीय कायद्याचे गुन्हे माणसं करतात, अमूर्त संस्था करत नाहीत, त्यामुळे माणसांना शिक्षा केली तरच तो कायदा अमलात येतो. पुढचं सगळं या वाक्यावर उभं आहे.

३. युद्धगुन्हे, शांततेविरुद्धचे गुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, हे तीन वेगळे कसे?

युद्धगुन्हे यातले सगळ्यात जुने: युद्धकैद्यांना मारणं, ताब्यातल्या मुलखातल्या नागरिकांना गुलामीसाठी नेणं, विनाकारण गावं उद्ध्वस्त करणं. हे हेग आणि जिनिव्हा करारांमुळे आधीपासून निषिद्ध होतं. शांततेविरुद्धचा गुन्हा म्हणजे आक्रमक युद्ध आखणं आणि सुरू करणं, मग ते युद्ध कितीही 'नियमाने' लढलं तरी. मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणजे नागरिकांची कत्तल, हद्दपारी, वंश किंवा धर्मावरून छळ, आणि यात महत्त्वाचं हे की ते नागरिक स्वतःच्याच देशाचे असले तरी तो गुन्हा. आरोपपत्रात या तिघांच्या जोडीला चौथा, कट रचल्याचा आरोपही होता, पण कोर्टाने तो आक्रमक युद्धाच्या कटापुरताच धरला.

४. गुन्हा करताना कायदाच नव्हता, नंतर कायदा करून शिक्षा दिली, हा अन्याय नाही का?

हा आक्षेप तेव्हा आरोपींच्या वकिलांनी पहिल्यांदा मांडला आणि तो खोटा नाही. पण तिन्ही गुन्ह्यांना तो सारखा लागू होत नाही. युद्धगुन्ह्यांना जवळजवळ नाहीच, ते आधीच निषिद्ध होते. खरी अडचण आक्रमक युद्धाची. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारात देशांनी युद्धाचा मार्ग सोडल्याचं लिहून दिलं होतं, जर्मनीचीही सही होती, पण त्यात कुठेही असं नव्हतं की करार मोडणाऱ्या मंत्र्याला किंवा जनरलला तुरुंगात टाकू. कोर्टाचं उत्तर असं की करार मोडून शेजारी देशावर चालून जाणाऱ्याला आपण चुकीचं करतोय हे माहीत असतंच, त्याला सोडून देणं जास्त अन्यायाचं.

मला स्वतःला हे उत्तर नैतिकदृष्ट्या पटतं आणि कायद्याच्या दृष्टीने थोडं लंगडं वाटतं. कोर्टालाही बहुतेक ते जाणवत असावं, कारण निकाल बघितला तर नुसत्या शांततेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी कोणालाही फाशी झाली नाही. हिटलरचा एकेकाळचा डेप्युटी रुडॉल्फ हेस फक्त कट आणि आक्रमक युद्ध या दोनच आरोपांत दोषी ठरला, त्याला जन्मठेप मिळाली. फाशी झालेल्या १२ च्या १२ जणांवर युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे सिद्ध झालेले होते.

५. "मला वरून ऑर्डर होती" असं म्हणणाऱ्याचं काय? सैनिकाने ऑर्डर पाळायची नाही का?

सनदेच्या ८ व्या कलमाने सांगितलं की वरून हुकूम होता एवढ्यावर सुटका नाही, फार तर शिक्षा कमी करताना विचार होईल. कोर्टाने त्यावर एक कसोटी दिली: त्या माणसाला नैतिक निवड करणं खरोखर शक्य होतं का? म्हणजे हुकूम होता की नाही यावर प्रश्न संपत नाही, नाही म्हणायला जागा होती का ते बघायचं.

ओटो ओलेनडॉर्फची केस यासाठी बघा. हा शिकलेला माणूस, सोव्हिएत रशियाच्या दक्षिण भागात फिरणाऱ्या एका मारेकरी पथकाचा प्रमुख. जानेवारी १९४६ मध्ये तो मुख्य खटल्यात साक्षीला आला आणि शांतपणे सांगितलं की आपल्या पथकाने वर्षभरात सुमारे ९०,००० माणसं मारली, बायका-मुलं धरून. नंतर अमेरिकन खटल्यात तो स्वतः आरोपी झाला तेव्हा बचाव हाच, की हुकूम होता आणि त्याची चिकित्सा करणं माझं काम नव्हतं. आता इथे पुराव्याचा प्रश्न येतो. नाही म्हटलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं बचावाचे वकील म्हणत होते, पण निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून एखाद्या जर्मन अधिकाऱ्याला गोळी घातल्याचं उदाहरण ते दाखवू शकले नाहीत. बदली व्हायची, बढती अडायची, फार तर भित्रा म्हणायचे. ओलेनडॉर्फला १९५१ मध्ये फाशी झाली.

अगदी खालच्या शिपायाचं गणित वेगळं असतं. डोक्याला खरोखर बंदूक लावलेली असेल तर या कसोटीत त्याला जागा आहे. आणि हुकूम देणाऱ्याचं काय, किंवा हुकूम न देता डोळेझाक करणाऱ्याचं काय, ते ११ मध्ये.

६. हा सगळा जेत्यांचा न्याय होता ना? त्यांनी स्वतः केलेल्या गुन्ह्यांचं काय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आधी सरळ कबूल करायच्या गोष्टी. जज चारही जेत्या देशांचे. जेत्यांवर एकही खटला नाही. शहरांवरच्या बॉम्बहल्ल्यांचा विषय जर्मनांवरही फारसा लावला नाही, कारण हँबुर्ग आणि ड्रेस्डेन कुणी जाळलं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि सगळ्यात लाजिरवाणं कातिन: सोव्हिएत पक्षाने हजारो पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीचा आरोप जर्मनांवर ठेवला, पुरावा टिकेना, निकालात त्याचा उल्लेखच गाळला गेला. ती कत्तल सोव्हिएत पोलिसांनी केली होती हे मॉस्कोने १९९० मध्ये मान्य केलं.

आता ॲडमिरल कार्ल डोनिट्झची केस, कारण "तुम्हीही तेच केलंत" हा मुद्दा कोर्टात खरोखर कसा चालला ते तिथे दिसतं.

डोनिट्झ जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख. १९३६ च्या लंडन प्रोटोकॉलप्रमाणे पाणबुडीने व्यापारी जहाज इशारा न देता बुडवायचं नाही, आणि बुडवायचंच झालं तर आधी माणसं सुरक्षित करायची. जर्मन पाणबुड्या दोन्ही करत नव्हत्या. त्यात सप्टेंबर १९४२ मध्ये एका पाणबुडीने 'लाकोनिया' हे ब्रिटिश जहाज बुडवलं आणि मग वर येऊन माणसं वाचवायला लागली, रेडक्रॉसचं निशाण लावून, आणि तेवढ्यात अमेरिकन विमानाने तिच्यावरच बॉम्ब टाकले. त्यावर डोनिट्झने हुकूम काढला की यापुढे बुडणाऱ्यांना वाचवायचा कसलाही प्रयत्न करायचा नाही. फिर्यादी पक्षाचं म्हणणं, हा वाचलेल्यांना मारून टाकायचा आडून दिलेला हुकूम होता.

त्याचा वकील ओटो क्रान्झब्युलर हा जर्मन नौदलातला कायदा अधिकारी, आणि भारी हुशार. त्याला माहीत होतं की "तुम्हीही केलं म्हणून मला सोडा" हा बचाव कोर्ट ऐकणार नाही. म्हणून त्याने तसं म्हटलंच नाही. तो म्हणाला, मला फक्त एवढं दाखवायचंय की या नियमाचा अर्थ सगळी नौदलं प्रत्यक्षात काय लावत होती. आणि त्याने कोर्टाची परवानगी घेऊन अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल निमिट्झ यांना लेखी प्रश्न पाठवले. निमिट्झनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं: जपानविरुद्ध पहिल्या दिवसापासून अमेरिकन पाणबुड्या इशारा न देता हल्ला करत होत्या, आणि पाणबुडीला धोका असेल तर वाचलेल्यांना साधारणपणे उचलत नव्हत्या.

मग निकाल काय लागला? कोर्ट म्हणालं की वाचलेल्यांना ठार मारायचा हुकूम सिद्ध होत नाही, पण त्याचे हुकूम संदिग्ध होते आणि कडक निंदेला पात्र आहेत. तटस्थ देशांची जहाजं इशारा न देता बुडवणं आणि माणसं न वाचवणं हा नियमभंग ठरला. पण ब्रिटिश नौदलाचे १९४० चे हुकूम आणि निमिट्झची उत्तरं लक्षात घेता या नियमभंगासाठी शिक्षा मोजली जाणार नाही. त्याला दहा वर्षं मिळाली ती बाकीच्या गोष्टींसाठी: आक्रमक युद्धातला भाग, पकडलेल्या कमांडोंना मारायचा हिटलरचा हुकूम आपल्या दलात चालू ठेवणं, जहाजबांधणीसाठी छळछावण्यांतले १२,००० कैदी कामाला मागणं.

म्हणजे नियम मोडला हे सांगितलं, पण जो नियम फिर्यादीच्या बाजूनेही मोडला त्यासाठी एकट्याला शिक्षा दिली नाही. जेत्यांच्या न्यायातही कोर्ट जेत्यांकडून पुरावा मागवू शकत होतं हे इथे दिसतं, आणि तो पुरावा फक्त आरोपीच्या शिक्षेपुरताच वापरता आला, निमिट्झच्या बाजूने कोणालाही उभं केलं नाही, हेही दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत, त्यामुळे नुसतं "जेत्यांचा न्याय" म्हणून विषय संपवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

७. ज्यूंचा छळ १९३३ पासून चालू होता, त्याची शिक्षा झाली का? जेनोसाइडचा गुन्हा न्युरेंबर्गला लागला का?

दोन्हींचं उत्तर ऐकून लोकांना धक्का बसतो. युद्धाआधीच्या छळासाठी शिक्षा झाली नाही, आणि जेनोसाइड म्हणजे वंशसंहार हा शब्द आरोपपत्रात होता पण निकालात नाही.

कारण सनदेच्या एका कलमात आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची व्याख्या करताना लंडनमध्ये एक अट घातली गेली की हे कृत्य कोर्टाच्या अखत्यारीतल्या दुसऱ्या गुन्ह्याशी, म्हणजे युद्धाशी, जोडलेलं असलं पाहिजे. अमेरिकेचे प्रतिनिधी रॉबर्ट जॅक्सन यांनी तिथल्या चर्चेत हे जवळजवळ उघड सांगितलं होतं: आमच्या देशातही अल्पसंख्याकांना कधी कधी अन्यायाने वागवलं जातं, तेव्हा एखादं सरकार आपल्याच लोकांशी कसं वागतं यात बाहेरच्यांनी पडायचं तर त्याला युद्धाचा संबंध हवा. दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांची स्थिती बघता त्यांना कसली भीती होती ते कळतं. ब्रिटन आणि फ्रान्सकडे वसाहती होत्या, रशियाकडे स्टालिनच्या छावण्या. कोणालाच मोकळा नियम नको होता.

त्यात एक विरामचिन्हाची भानगड झाली. इंग्रजी आणि फ्रेंच मसुद्यात त्या कलमात अर्धविराम पडला होता, त्यामुळे 'युद्धाशी संबंध' ही अट फक्त दुसऱ्या भागाला, छळाला, लागू आणि खून, हद्दपारी वगैरे पहिला भाग मोकळा असा अर्थ निघत होता. रशियन मसुद्यात स्वल्पविराम होता, म्हणजे अट सगळ्यालाच. ६ ऑक्टोबर १९४५ ला बर्लिनमध्ये चौघांनी खास प्रोटोकॉल करून अर्धविरामाचा स्वल्पविराम केला. परिणाम असा की १९३५ चे वंशकायदे, नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जाळलेली सिनेगॉग, हे सगळं पुराव्यात आलं, कोर्टाने ते भयानक आहे असं म्हटलंही, पण युद्धाशी संबंध सिद्ध झाला नाही म्हणून गुन्हा धरला नाही. १९३९ नंतरचं मात्र धरलं.

राफाएल लेमकिन हा पोलिश ज्यू वकील, 'जेनोसाइड' हा शब्द त्यानेच बनवला, घरची बहुतेक माणसं त्याने यात गमावली. त्याला हा निकाल अजिबात मान्य नव्हता, शांततेच्या काळात सरकारने आपल्याच लोकांना संपवलं तर काय, हा त्याचा प्रश्न होता. तो संयुक्त राष्ट्रांत खेटे घालत राहिला आणि ९ डिसेंबर १९४८ ला वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला, ज्यात स्पष्ट लिहिलंय की शांततेत असो वा युद्धात, हा गुन्हाच. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याला चिकटलेली युद्धाची अट सुटायला आणखी पन्नास वर्षं लागली, हेगचं कायमचं आंतरराष्ट्रीय कोर्ट ज्यातून उभं राहिलं त्या १९९८ च्या रोम करारात ती नाही.

८. टोकियोचा खटला न्युरेंबर्गपेक्षा वेगळा कसा?

सनद साधारण तीच, पण ती चार देशांनी बसून केली नाही, जपानचा ताबा घेतलेल्या फौजांचा प्रमुख, अमेरिकन जनरल मॅकआर्थर याने जानेवारी १९४६ मध्ये हुकमाने काढली. ११ देशांचे ११ जज, त्यात भारत, चीन आणि फिलिपीन्सही. मे १९४६ ते नोव्हेंबर १९४८ असा लांबला. २८ आरोपींपैकी दोघं मेले, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं, उरलेले २५ च्या २५ दोषी, सातजणांना फाशी. न्युरेंबर्गला तिघं सुटले, इथे एकही नाही. सगळ्यात मोठा फरक हा की इथे जजांमधले मतभेद कितीतरी खोल होते, ते पुढे ९ मध्ये.

९. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी जपान निर्दोष असल्याचं म्हटलं, हे खरं का?

व्हॉट्सॲपवर फिरतं त्या अर्थाने नाही. कलकत्ता हायकोर्टात जज राहिलेले पाल भारताकडून टोकियोला गेले आणि हजाराहून जास्त पानांचं भिन्नमत लिहिलं. त्यात प्रत्येक आरोपीला प्रत्येक आरोपातून सोडावं असं म्हटलंय हे खरं. पण त्यांनी 'आरोपींवर कायद्याने गुन्हा सिद्ध होत नाही' असं म्हटलंय, 'जपानने काही केलं नाही' असं नाही. जपानी सैन्याने नागरिक आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, असं त्यांनीच लिहिलंय, चीनच्या नानकिंग शहरातली कत्तल धरून. फक्त ते अत्याचार समोर बसलेल्या मंत्र्यांनी आणि जनरलांनी घडवले हे फिर्यादी पक्षाने दाखवलं नाही, असं त्यांचं मत.

त्यांचा मुख्य वाद ४ नंबरमधल्याच जागी आहे. केलॉग करारात स्वसंरक्षण कशाला म्हणायचं ते ज्या त्या देशाने ठरवायचं होतं, मग आक्रमक युद्ध हा गुन्हा आहे असं कुठल्या तोंडाने म्हणता? आणि त्याला जोडून वसाहतीतल्या माणसाचा प्रश्न: ज्या देशांनी आशियातले मुलूख युद्धानेच घेतले आणि अजून सोडलेले नाहीत, ते आज आक्रमण हा गुन्हा ठरवतायत, म्हणजे आहे ती वाटणी कायमची पक्की करतायत. नाझींच्या हुकमांच्या जवळ जाणारी पॅसिफिक युद्धातली गोष्ट म्हणजे अणुबॉम्ब टाकायचा निर्णय, असंही त्यांनी लिहिलं. हे मत कोर्टात वाचून दाखवलंच गेलं नाही.

माझं मत विचाराल तर पाल यांचा वसाहतींचा मुद्दा बिनतोड आहे, पण कट सिद्ध होतो का हे तपासताना जपानच्या बाजूला त्यांनी फार सवलत दिली. नेदरलँड्सचे जज र्‍योलिंग यांनी मधला मार्ग घेतला होता: आक्रमणाचा गुन्हा नवा आहे म्हणून त्यासाठी फाशी नको, आणि काही आरोपींना, उदाहरणार्थ माजी पंतप्रधान हिरोटा यांना, सोडा. ते मत वाचल्याशिवाय पाल विरुद्ध बाकी सगळे अशी मांडणी करू नये. पाल यांचं स्मारक २००५ मध्ये टोकियोच्या यासुकुनी मंदिरात उभारलं गेलं आणि तिथले राष्ट्रवादी गट त्यांचं नाव वापरतात, पण अत्याचारांबद्दलची त्यांची पानं ते सोडून देतात.

१०. जपानच्या सम्राटावर खटला का नाही?

राजकारण. सम्राट जागेवर राहिला तर जपान शांतपणे चालवता येईल असं मॅकआर्थरचं मत होतं, म्हणून हिरोहितोला ना आरोपी केलं ना साक्षीला बोलावलं. सनदेचं 'पदामुळे सुटका नाही' हे तत्त्व (२ बघा) इथे सरळ बाजूला ठेवलं गेलं. तसंच मांचुरियात जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ च्या प्रमुखांना अमेरिकेने त्यांच्या माहितीच्या बदल्यात मोकळं सोडलं. या दोन गोष्टींचं समर्थन मी तरी करू शकत नाही.

११. हुकूम दिलाच नाही, पण आपल्या सैन्याला आवरलं नाही, अशा सेनापतीचं काय?

इथे जनरल यामाशिताची केस येते. ही टोकियोतली नाही, मनिलातल्या अमेरिकन लष्करी आयोगापुढची. १९४५ च्या सुरुवातीला मनिला शहरात जपानी फौजांनी हजारो नागरिक मारले. यामाशिता तेव्हा फिलिपीन्समधला सर्वोच्च अधिकारी, पण डोंगरात, संपर्क तुटलेला, आणि शहरात अडून बसलेले बरेचसे नौदलाचे. त्याने हुकूम दिला असं फिर्यादी पक्ष सिद्ध करू शकला नाही. त्याला माहीत होतं असंही पक्कं झालं नाही. आयोगाचं म्हणणं, हाताखालच्यांवर ताबा ठेवणं हे सेनापतीचं कर्तव्य आणि त्यात तो चुकला, फाशी. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही, फक्त मर्फी आणि रटलेज या दोन जजांनी जोरदार विरोध लिहिला की ज्याचा संपर्क आम्हीच हल्ले करून तोडला त्यालाच ताबा न ठेवल्याबद्दल कसं लटकवता. २३ फेब्रुवारी १९४६ ला फाशी झाली.

हे तत्त्व टिकलं, पण मर्फींचा आक्षेप पचवून टिकलं. आज रोम कराराच्या २८ व्या कलमात लष्करी कमांडर तेव्हाच दोषी ठरतो जेव्हा फौज खरोखर त्याच्या ताब्यात होती, त्याला माहीत होतं किंवा परिस्थिती बघता माहीत असायला हवं होतं, आणि तरी त्याने थांबवायला किंवा चौकशी करायला शक्य ते केलं नाही. या कसोटीवर यामाशिता दोषी ठरला असता का? मला नाही वाटत.

१२. लाल किल्ल्यावरचा आझाद हिंद सेनेचा खटला हा पण युद्धगुन्ह्यांचा खटला होता का?

नाही, पण प्रश्न चांगला आहे कारण तारखा बघा: तो ५ नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला, न्युरेंबर्गच्या फक्त १५ दिवस आधी. शाहनवाझ खान, सहगल आणि ढिल्लों यांच्यावर ब्रिटिश कोर्ट मार्शलने भारतीय दंडविधानाखाली राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला होता, शिवाय खून आणि खुनाला चिथावणी असे आरोप. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी बचाव मात्र आंतरराष्ट्रीय कायद्यावर उभा केला: आझाद हिंद सरकारने रीतसर युद्ध पुकारलं होतं, गुलाम देशाला मुक्तीसाठी लढायचा हक्क आहे, म्हणून हे बंडखोर नाहीत, युद्धातले सैनिक आहेत. कोर्टाने जन्मठेप काळं पाणी सुनावलं, पण देशभर जो उद्रेक झाला त्यामुळे जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. देसाईंचा आणि पाल यांचा (९ बघा) प्रश्न एकच आहे, युद्ध करायचा कायदेशीर हक्क कुणाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आझाद हिंद सेनेत न गेलेले हजारो भारतीय युद्धकैदी जपान्यांनी न्यू गिनीकडे मजुरीला नेले, तिथे उपासमार आणि मारहाणीत कित्येक गेले. त्याबद्दल ऑस्ट्रेलियाने राबाउलला खटले चालवले आणि वाचलेले भारतीय सैनिक साक्षीला उभे राहिले. आपल्याकडे हे जवळजवळ कोणाला माहीत नसतं.

१३. मग हे नियम पुढे वापरले गेले का, आणि भारत त्यात आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९४६ मध्येच न्युरेंबर्गची तत्त्वं मान्य केली आणि १९५० मध्ये ती सात कलमांत लिहूनही काढली गेली. पण शीतयुद्धात आंतरराष्ट्रीय कोर्ट म्हणून पुढे काही झालं नाही. १९९३ मध्ये युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ मध्ये रवांडासाठी कोर्टं नेमली, रवांडाच्या कोर्टाने १९९८ मध्ये आकायेसु या महापौराला दोषी ठरवलं तेव्हा आंतरराष्ट्रीय कोर्टात वंशसंहाराची पहिली शिक्षा झाली. मग कायमचं कोर्ट हेगला, १ जुलै २००२ पासून. त्यात राष्ट्रप्रमुखाला सूट नाही (२), हुकमाचा बचाव मर्यादित (५), युद्धाची अट नाही (७), हे सगळं या पानावरच्या खटल्यांतूनच आलंय.

आक्रमक युद्धाचं मात्र घोडं अडलंय. न्युरेंबर्गने ज्याला सगळ्यात मोठा गुन्हा म्हटलं, त्यासाठी टोकियोनंतर कुठल्याही आंतरराष्ट्रीय कोर्टात एकालाही शिक्षा झालेली नाही. हेगच्या कोर्टाला हा अधिकार मिळाला तोच जुलै २०१८ मध्ये, आणि तोही असा की ज्या देशाने करार मान्य केलेला नाही त्याच्या नेत्यांवर या गुन्ह्याची केस कोर्टाला घेता येत नाही, सुरक्षा परिषदेने पाठवली तरच.

भारत सदस्य नाही. १९९८ मध्ये रोमला मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. आक्षेप मुख्यतः असे: सुरक्षा परिषदेला केस पाठवायचा आणि थांबवायचा अधिकार दिला, म्हणजे व्हेटोवाले पाच देश स्वतः वाचणार, कोर्टाचा फिर्यादी स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो, देशांतर्गत संघर्षही त्यात येतात, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत घ्यायला बाकीचे तयार झाले नाहीत. यातला पहिला आणि शेवटचा आक्षेप पाल यांच्या निकालपत्रातून उचलल्यासारखा वाटतो. देशांतर्गत संघर्षाचा आक्षेप मात्र १९४५ मध्ये लंडनला जॅक्सन ज्या कारणासाठी अडून बसले होते त्याच्याच जवळ जातो.